स्टार लोडची पॉवर कधी १.७३ पट जास्त येते, कधी निम्मीच येते: चूक नेमकी कुठे होतेय ते कसं ओळखायचं

हा प्रॉब्लेम मी इतक्या वेळा बघितलाय की आता कोणी नुसता चुकीचा आकडा सांगितला तरी काय केलं असणार ते कळतं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतोय. लोड बॅलन्स्ड आहे, स्टारमध्ये जोडलाय, मीटर चांगले आहेत, व्होल्टेज बरोबर मोजलं, करंट बरोबर मोजला, आणि तरी किलोवॅट काढले की उत्तर कुठेच जुळत नाही. एनर्जी मीटर एक सांगतो, कॅल्क्युलेटर दुसरंच सांगतो.

आमच्याकडचीच केस घेतो. साकीनाक्याला एका गाळ्यात मी मेंटेनन्स बघतो, पावडर कोटिंगचं काम चालतं तिथे, एक छोटा ओव्हन आहे. ओव्हनमध्ये तीन हीटर, प्रत्येकाच्या लेबलवर २००० वॅट, २३० व्होल्ट. तिन्ही हीटरची एकेक बाजू पितळेच्या पत्तीने एकत्र जोडलेली, तो झाला स्टार पॉइंट, आणि उरलेल्या तीन टोकांना आर, वाय, बी. न्यूट्रल ओव्हनपर्यंत आणलेलाच नाहीये, तीन वायर आणि अर्थ एवढंच.

माझा भाचा डिप्लोमाला आहे, सुट्टीत माझ्याबरोबर येतो. शेठने त्याला सहज विचारलं की आपला सँक्शन लोड दहा किलोवॅट आहे, ओव्हन आणि कॉम्प्रेसर एकदम चालवला तर बसेल का बघ जरा. पोरगा टाँग टेस्टर घेऊन गेला, आर-वाय मध्ये ४१५ व्होल्ट मोजले, बाकीच्या दोन जोड्यांमध्येही एक-दोन व्होल्ट इकडेतिकडे, आणि तिन्ही वायरमध्ये करंट ९.१ अँपियर. मग त्याने हिशोब केला, ३ × ४१५ × ९.१, आले ११,३३० वॅट. एकटा ओव्हनच अकरा किलोवॅट! शेठच्या हातातला चहा तसाच राहिला, आणि मी कुर्ल्याहून सामान घेऊन परत येईपर्यंत लोड वाढवायचा अर्ज कोणाकडून भरून घ्यायचा इथपर्यंत बोलणं गेलं होतं.

मी म्हटलं अरे बाबा, हीटर तीन, प्रत्येकी दोन किलोवॅटचे, अकरा किलोवॅट कुठून येतील? तो म्हणाला मामा, मला पण तेच वाटलं पण रीडिंग तर बरोबर आहेत. रीडिंग खरंच बरोबर होती. मग त्याने मोबाईलवर फॉर्म्युला बघितला, त्यात रूट थ्री दिसला, म्हणून तीनच्या जागी रूट थ्री टाकला, आणि "फेज व्होल्टेज घ्यायचं असतं ना" म्हणून ४१५ च्या जागी २३९.६ पण टाकले. १.७३२ × २३९.६ × ९.१, आले ३,७७६. आता ओव्हन पावणेचार किलोवॅटचा झाला. म्हणजे एकदा जास्त, एकदा कमी, आणि खरं उत्तर दोन्हीच्या मधे कुठेतरी.

आता यात गंमत बघा. खरं उत्तर ६,५४१ वॅट आहे, ते कसं ते खाली येतंच. ११,३३० भागिले ६,५४१ करा, १.७३ येतं. ६,५४१ भागिले ३,७७६ करा, परत १.७३ येतं. म्हणजे चूक वाटेल तशी झालेली नाही, ती नेमकी रूट थ्रीचीच आहे, एकदा वरच्या बाजूला आणि एकदा खालच्या. म्हणून माझी पहिली सवय हीच की उत्तर जुळलं नाही तर आधी ते किती पट चुकलंय ते काढायचं. १.७३ पट जास्त असेल तर लाइन व्होल्टेज घेऊन तीनने गुणलंय. १.७३ पट कमी असेल तर एकतर फेज व्होल्टेज घेऊन रूट थ्रीने गुणलंय, किंवा नुसतं लाइन व्होल्टेज गुणिले करंट करून सोडून दिलंय, कारण २३९.६ ला १.७३२ ने गुणलं की ४१५ च होतात, दोन्ही चुकांचं उत्तर एकच. बरोबर एक तृतीयांश आलं, म्हणजे इथे २,१८० च्या आसपास, तर एकाच हीटरची पॉवर काढून थांबलाय. आणि बरोबर निम्मं आलं तर ती वेगळीच भानगड, त्याचं पुढे सांगतो.

आता मुळात हा रूट थ्री येतो कुठून, कारण पाठ केलेला फॉर्म्युला ऐन वेळी उलटा आठवतो, चित्र डोक्यात असेल तर उलटं होत नाही. पोराला मी पावडरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवलं, तुम्हीपण एकदा काढाच.

पुठ्ठ्यावर एक ठिपका द्या, तो स्टार पॉइंट. १ सेंटीमीटर म्हणजे ४० व्होल्ट धरा. ठिपक्यापासून ६ सेंटीमीटरची एक रेघ, हे आर फेजचं २४० व्होल्ट. तिच्यापासून १२० अंशावर दुसरी ६ सेंटीमीटरची रेघ, हे वाय फेजचं. आता दोन्ही रेघांची टोकं पट्टीने जोडा आणि ती तिसरी रेघ मोजा. १०.४ सेंटीमीटर भरते. चाळीसने गुणा, ४१६ व्होल्ट. झालं, हेच तुमचं लाइन व्होल्टेज. टेस्टर आर आणि वायवर लावला की तो या दोन टोकांमधलं अंतर मोजतो, ठिपक्यापासूनचं नाही. दोन फेज एकमेकांच्या बरोबर उलटे असते, म्हणजे १८० अंशावर, तर ४८० आले असते, पण ते १२० वर आहेत म्हणून ४८० पण नाही आणि २४० पण नाही, मधलं ४१५. ठिपक्यापासून त्या लांब रेघेवर एक लंब टाकला तर रेघेचे दोन सारखे भाग होतात, प्रत्येक भाग २४० चा ०.८६६, म्हणजे २०८ च्या आत-बाहेर, आणि दोन वेळा ०.८६६ म्हणजे १.७३२. रूट थ्री म्हणजे एवढंच. लंबाची लांबी पण मोजून ठेवा, ३ सेंटीमीटर, म्हणजे १२० व्होल्ट. हा पुठ्ठा फेकू नका, शेवटी लागणार आहे.

करंटचं स्टारमध्ये काहीच लफडं नाही. आर वायरमधून जो करंट येतो त्याला जायला आर हीटरशिवाय दुसरा रस्ताच नाही, म्हणून लाइन करंट आणि फेज करंट एकच. फक्त टाँग टेस्टरमध्ये एकच वायर घ्यायची, केबलच्या तिन्ही वायर एकदम पकडल्या तर तिघांची बेरीज शून्य होते आणि टेस्टर शून्य दाखवतो, मग लोकं म्हणतात टेस्टर खराब.

```
V_L = √3 × V_ph        I_L = I_ph
P = 3 × V_ph × I_ph × cosφ
P = √3 × V_L × I_L × cosφ
```

पोराचा प्रश्न पण चांगला होता, हीटर तीन आहेत तर तीननेच गुणायला पाहिजे ना मामा, रूट थ्रीने गुणलं तर एक हीटर गेला कुठे? तर कुठेच गेला नाही. गुणायचं तीननेच असतं, पण तीनने गुणताना व्होल्टेज हीटरच्या दोन टोकांमधलं पाहिजे, म्हणजे २३९.६. ते मोजायला स्टार पॉइंटपर्यंत हात घालावा लागतो आणि ती पत्ती बहुतेक वेळा ओव्हनच्या मागच्या पत्र्याच्या आत असते. म्हणून आपण बाहेरून ४१५ मोजतो, जे गरजेपेक्षा रूट थ्री पट मोठं आहे. तर मग तीनला रूट थ्रीने भागावं लागतं, आणि तीन भागिले रूट थ्री म्हणजे रूट थ्रीच उरतो. दोन्ही फॉर्म्युले एकच आहेत, फक्त एका फॉर्म्युल्याचा तीन आणि दुसऱ्याचं व्होल्टेज अशी जोडी लावायची नाही. तीनबरोबर फेज, रूट थ्रीबरोबर लाइन.

आमच्या ओव्हनचं करून बघू. ४१५ भागिले १.७३२, फेज व्होल्टेज २३९.६. हीटर म्हणजे शुद्ध रेझिस्टन्स, पॉवर फॅक्टर एक. ३ × २३९.६ × ९.१ = ६,५४१. दुसऱ्या रस्त्याने १.७३२ × ४१५ × ९.१ = ६,५४१. साडेसहा किलोवॅट.

इथे शेठने स्वतः शंका काढली, हीटर तर दोन-दोनचे, सहा व्हायला पाहिजेत, हे वरचे पाचशे वॅट कसले? माणूस हिशोबाचा पक्का. त्याचं कारण असं की लेबलवरचे २००० वॅट हे २३० व्होल्टला आहेत आणि आपल्याकडे मिळतायत २३९.६, आणि हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. २३९.६ भागिले २३० म्हणजे १.०४२, त्याचा वर्ग १.०८५, म्हणजे प्रत्येक हीटर साधारण २,१७० वॅट घेणार, तिन्ही मिळून ६,५१०. टाँग टेस्टर एकच दशांश दाखवतो, त्यामुळे ६,५१० आणि ६,५४१ मधला फरक धरायचाच नाही, हे जुळलं असंच म्हणायचं. संध्याकाळी व्होल्टेज ४०० वर आलं तर हाच ओव्हन सहा किलोवॅटवर येतो, आणि मग पोरं म्हणतात आज ओव्हन स्लो आहे, ते खरंच असतं.

कॅल्क्युलेटरवर विश्वास बसत नसेल तर एनर्जी मीटरलाच विचारायचं. मीटरवर एक लाल लाइट लुकलुकत असतो आणि बाजूला त्याचा आकडा छापलेला असतो, आमच्या मीटरवर ८०० imp/kWh आहे, म्हणजे ८०० वेळा लुकलुकला की एक युनिट. गाळ्यातलं बाकी सगळं बंद केलं, पंखेसुद्धा, जूनच्या घामात, आणि फक्त ओव्हन चालू. थर्मोस्टॅट कट होणार नाही याची काळजी घ्यायची, म्हणजे ओव्हन थंड असतानाच ही टेस्ट करायची. मोबाईलचा स्टॉपवॉच एका लुकलुकीला सुरू केला, ती शून्य धरायची, एक नाही, आणि तिथून पुढे ४० मोजल्या. २७.५ सेकंद लागले.

```
kW = (3600 × 40) / (27.5 × 800) = 6.55
```

६.५४ आणि ६.५५. पोरगा गप्प झाला, शेठने दुसरा चहा मागवला. लाइट मोजताना पहिल्या लुकलुकीला एक म्हणायची सवय असते, तसं केलं तर ३९ च मोजले जातात आणि अडीच टक्के चूक येते, म्हणून शून्यापासून.

आता ते निम्म्या उत्तराचं प्रकरण. दुसऱ्या दिवशी पोराला हुरूप आला, म्हणाला करंट न मोजता नुसत्या रेझिस्टन्सवरून काढून दाखवतो. मेन बंद केला, एमसीबी बंद, टेस्टरने तिन्ही वायरवर सप्लाय नाही हे बघितलं, तेवढं मी शिकवलंय, आणि मल्टीमीटर ओहमवर टाकून ओव्हनच्या आर आणि वाय टर्मिनलवर लावला. आले ५३ ओहम. मग ४१५ चा वर्ग भागिले ५३, आले ३,२५०. बरोबर निम्मे.

का, तर आर टर्मिनलवरून वाय टर्मिनलवर जायचं तर आर हीटरमधून स्टार पॉइंट आणि तिथून वाय हीटरमधून बाहेर, म्हणजे दोन हीटर सिरीजमध्ये मोजले गेले. एका हीटरचा रेझिस्टन्स त्याच्या निम्मा, २६.५ ओहम. लेबलवरून पण तेच येतं, २३० चा वर्ग भागिले २०००, २६.४५. तो घेतला की ४१५ चा वर्ग भागिले २६.४५, म्हणजे ६,५११. इथे परत कोणीतरी विचारणारच की हीटरवर तर २४० आहेत मग ४१५ चा वर्ग कसा चालेल, तर हीटर तीन आहेत आणि फेज व्होल्टेजच्या वर्गाची तिप्पट म्हणजेच लाइन व्होल्टेजचा वर्ग, रूट थ्रीचा वर्ग तीन, त्यामुळे तीन आपोआप आत येतो, वेगळा गुणायचा नाही. पण हे फक्त स्टारमध्ये आणि फक्त हीटरसारख्या लोडला.

निम्मं येण्याची दुसरी जागा याच्यापेक्षा फसवी आहे. शेजारच्या गाळ्यातून एक क्लॅम्पवाला वॉटमीटर आणला होता, जो व्होल्टेज, करंट, किलोवॅट, पॉवर फॅक्टर सगळं दाखवतो. पोराने क्लॅम्प आर वायरला लावला, आणि न्यूट्रल जवळ नव्हता म्हणून व्होल्टेजच्या दोन पिना आर आणि वायवर लावल्या. मीटर म्हणाला ३.२७ किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.८७. हीटरला पॉवर फॅक्टर ०.८७? मामा, हीटरची कॉइल आहे ना, म्हणून इंडक्टिव्ह असेल, असं त्याचं म्हणणं. नाही रे, ५० हर्ट्झला त्या वेटोळ्याचं इंडक्टन्स नगण्य असतं.

परत पुठ्ठा काढला. ठिपक्यापासून आरची रेघ आणि आर-वाय जोडणारी लांब रेघ, या दोघींमधला कोन मोज म्हटलं. ३० अंश. आर हीटरचा करंट हा आरच्या रेघेबरोबर असतो, कारण हीटरवर तेच व्होल्टेज आहे. पण मीटरला तू व्होल्टेज दाखवलंस लांब रेघेचं, जी मुळातच ३० अंश फिरलेली. ३० अंशाचा कोसाइन ०.८६६. म्हणजे मीटरने दाखवलेला पॉवर फॅक्टर हीटरचा नाहीच, तुझ्या पिनांचा आहे. ४१५ × ९.१ × ०.८६६ = ३,२७०, बरोबर निम्मे. पिना वाय आणि बीवर लावल्या असत्या आणि क्लॅम्प आरवर तसाच ठेवला असता तर कोन ९० अंश झाला असता आणि साडेसहा किलोवॅटच्या ओव्हनला मीटरने शून्य दाखवलं असतं, हे पण आम्ही करून बघितलं, शून्याच्या आसपासच काहीतरी लुडबुडत होतं.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, फॉर्म्युल्यातला cosφ हा फेज व्होल्टेज आणि फेज करंटमधल्या कोनाचा असतो, लाइन व्होल्टेज आणि लाइन करंटमधल्या कोनाचा कधीच नाही, व्होल्टेज-करंट जरी तुम्ही लाइनचे टाकत असलात तरी. एका क्लॅम्पनेच काम करायचं असेल तर व्होल्टेजची एक पिन त्याच फेजला, दुसरी पॅनेलमधल्या न्यूट्रलला, आलेले वॉट तिनाने गुणायचे. बॅलन्स्ड लोडमध्ये स्टार पॉइंट आणि सप्लायचा न्यूट्रल एकाच पोटेन्शियलला असतात, त्यामुळे ओव्हनपर्यंत न्यूट्रल आणला नसला तरी पॅनेलचा चालतो.

पॉवर फॅक्टर खरा लागतो तो कॉम्प्रेसरच्या मोटरला. मोटर ३ एचपी, २.२ किलोवॅट, स्टारमध्येच जोडलेली, या साइजच्या मोटरी आपल्याकडे सहसा स्टारमध्येच येतात. प्लेटवर ४१५ व्होल्ट, ४.७ अँपियर, पॉवर फॅक्टर ०.८०. पोराने ओव्हनच्या साडेसहामध्ये सरळ २.२ मिळवले. पण प्लेटवरचे २.२ हे शाफ्टवर मिळणारे आहेत, लाइनमधून ओढलेले नाहीत. ओढलेले काढायचे तर १.७३२ × ४१५ × ४.७ × ०.८० = २,७०३ वॅट. मधले पाचशे वॅट मोटर स्वतः तापण्यात घालवते, एफिशियन्सी ८१ टक्के झाली. हे पूर्ण लोडचं, कॉम्प्रेसर रिकामा फिरत असेल तर करंट फारसा कमी होत नाही पण पॉवर फॅक्टर खूप पडतो, म्हणून रिकाम्या मोटरला ०.८० टाकून पॉवर काढू नका.

तर ६.५४ अधिक २.७०, सव्वानऊ किलोवॅट. दहाच्या आत बसतं, पण काठावर, लाइट-पंखे आणि एक हँड ग्राइंडर धरला की संपलं. शेठला सांगितलं आत्ता अर्ज नको, पण दुसरा ओव्हन घ्यायचं डोक्यात असेल तर आधी मला विचारा.

इतकं सगळं झाल्यावर जुलैमध्ये पोराचा फोन, मामा, ओव्हन तापतच नाहीये, अर्ध्या तासात १८० डिग्री व्हायचा तो तासाभरात पण होत नाही, आणि मी फॉर्म्युला बरोबर लावला तरी मीटरशी जुळत नाही. त्या दिवशी लोकल सगळ्या रखडलेल्या, पोचायला अडीच तास लागले, म्हणून फोनवरच रीडिंग घ्यायला लावली. आर ७.८, वाय ७.८, बी शून्य. व्होल्टेज तिन्ही जोड्यांमध्ये ४१५, म्हणजे सप्लाय ठीक. त्याने तिन्ही करंटचा ॲव्हरेज काढून, ५.२, रूट थ्रीच्या फॉर्म्युल्यात टाकले होते, आले ३,७३८. मीटरच्या लुकलुकीवरून येत होते सव्वातीन किलोवॅटच्या आसपास.

इथे फॉर्म्युला चुकला नाही, फॉर्म्युल्याची अट मोडली. तीन बरोबर फेज आणि रूट थ्रीबरोबर लाइन हे सगळं तिन्ही हीटर सारखे चालू असतील तरच. बी तुटला की राहिले काय, आर हीटर आणि वाय हीटर सिरीजमध्ये, त्यांच्यावर ४१५. हा आता सरळ सिंगल फेजचा हिशोब, ४१५ × ७.८ = ३,२३७ वॅट. ॲव्हरेज वगैरे काढायचाच नाही. प्रत्येक हीटरवर २४० च्या जागी २०७ व्होल्ट, म्हणून करंट पण ९.१ वरून खाली आला आणि ओव्हन एकदम निम्म्या पॉवरवर गेला. पोराचं म्हणणं होतं तीनातला एक गेला तर दोन तृतीयांश राहायला पाहिजे, चार-सव्वाचार तरी. ते खरं झालं असतं, पण न्यूट्रल स्टार पॉइंटला जोडलेला असता तर. मग उरलेल्या दोघांना पूर्ण २४० मिळाले असते, ९.१ अँपियर चालू राहिला असता, आणि तेवढाच ९.१ न्यूट्रलच्या वायरमधून परत गेला असता. आमच्याकडे न्यूट्रल नाही म्हणून निम्मं.

आणि पत्तीला हात लावू नको म्हणून ओरडून सांगितलं. नेहमी स्टार पॉइंट आणि पॅनेलच्या न्यूट्रलमध्ये टेस्टर लावला तर एक-दोन व्होल्ट दाखवतो, त्यामुळे ती पत्ती म्हणजे न्यूट्रलच आहे असं डोक्यात बसतं. पण बी तुटल्यावर स्टार पॉइंट ठिपक्यावर राहतच नाही, तो सरकून आर-वायच्या लांब रेघेच्या बरोबर मध्यावर जातो. त्या पुठ्ठ्यावर लंब काढला होता ना, ३ सेंटीमीटर, तोच हा, १२० व्होल्ट. मी पोचल्यावर मोजले, ११९ आले. रेघेचे दोन तुकडे, ते २०८, तेच दोन हीटरवरचे व्होल्टेज. पोरगा पुठ्ठ्याकडे आणि टेस्टरकडे आळीपाळीने बघत होता.

मेन बंद करून मागचा पत्रा काढला. आर-वाय ५३ ओहम, वाय-बी आणि आर-बी दोन्ही ओपन. हीटर गेला असेल म्हणून बीच्या हीटरच्या थेट दोन टोकांवर मोजलं तर २६ ओहम, हीटर ठणठणीत. टर्मिनलवरचा लग सैल होऊन काळा पडला होता, आतली वायर जळून तुटलेली, स्लीव्हमुळे बाहेरून दिसत नव्हती. वायर मागे कापली, नवीन तांब्याचा लग क्रिंप केला, बाकीचे पाच नट पण आवळले, दोन ढिलेच होते. पत्रा लावायच्या आधी परत ओहम घेतले, तिन्ही जोड्यांमध्ये ५३. चालू केल्यावर ९.१, ९.०, ९.१, आणि पत्ती ते न्यूट्रल दीड व्होल्ट.